भोक मोठं झालं, जागा घट्ट झाली : एका ड्रॉइंग रिव्हिजनची ईमेल



मागच्या व्याख्यानात आपण फिट्स आणि टॉलरन्सची कोष्टकं कशी वाचायची ते पाहिलं. आज कोष्टक बाजूला ठेवू आणि एक ईमेल वाचू. डिझाइन इंजिनिअरने वर्कशॉपला पाठवलेली, एका ड्रॉइंगची रिव्हिजन समजावून सांगणारी. उदाहरण आपण व्याख्यानासाठी सोपं करून घेतलं आहे, पण त्यातले आकडे खरेच्या खरे चालतील असे आहेत. भोसरी-चाकणच्या कुठल्याही शॉपमध्ये उद्या सकाळी असा जॉब येऊ शकतो.

रिव्हिजनमध्ये बदल दोनच आहेत. एका भोकाचा टॉलरन्स बदलला आणि त्याच भोकाचा डेटम बदलला. ड्रॉइंगवर हे दोन बदल हाताच्या पंजाएवढ्या जागेत मावतात. पण शॉपमध्ये त्यामुळे टूल बदलतं, सेटिंग बदलतं, गेज बदलतं, आणि रॅकवर तयार पडलेल्या मालाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या रिव्हिजनच्या रकान्यात हे सगळं लिहिता येत नाही. तिथे एवढंच येतं : 'भोकाचा टॉलरन्स व डेटम बदलला'. म्हणून ईमेल लागते.

आधी जॉब समजून घेऊ.

जॉब काय आहे

एका गिअरबॉक्सचं बिडाचं झाकण आहे, साधारण १२५ बाय १२० मिलिमीटरचं. त्याच्या बसण्याच्या तोंडावर मधे एक गोल उंचवटा आहे, ८० व्यासाचा. त्याला आपण स्पिगॉट म्हणतो. हा स्पिगॉट बॉडीच्या ८० च्या बोअरमध्ये जातो आणि झाकण मध्यावर बसतं. फिट एच७/जी६. म्हणजे बसताना हाताने सरकतं, पण हलत नाही म्हटलं तरी चालेल.

स्पिगॉट झाकणाला मध्यावर धरतो, पण फिरण्यापासून अडवत नाही. झाकणावर एक सेन्सर बसतो, तो आतल्या दातेरी चकतीकडे बघतो, आणि त्याचा कोन पाव अंशाच्या आत असावा लागतो. बोल्टची भोकं सैल असतात, त्यांच्या भरवशावर एवढा कोन सांभाळता येत नाही. म्हणून एक डॉवेल पिन. स्पिगॉटच्या मध्यापासून ५२ मिलिमीटरवर, १० व्यासाची, एम६ टॉलरन्सची. आपली गोष्ट या पिनच्या झाकणातल्या भोकाची आहे.

रिव्हिजन १ काय सांगत होती, आणि ती बरोबर का होती

रिव्हिजन १ मध्ये भोक १० एच७ होतं, म्हणजे १०.००० ते १०.०१५. जागा कडेवरून दिली होती : डाव्या कडेपासून ११२ अधिक-उणे ०.०५. स्पिगॉटचा मध्यही त्याच कडेपासून ६० अधिक-उणे ०.०५. कड बी आणि खालची कड सी, हे डेटम.

आज हे ड्रॉइंग बघून कुणी म्हणेल, 'अरे, पिनचं भोक स्पिगॉटवरून द्यायला हवं होतं.' थांबा. त्या वेळी झाकण कसं बसवत होते ते बघा. मशीनचा पहिला चाचणी लॉट होता, मोजके नग. फिटर झाकण स्पिगॉटमध्ये बसवायचा, कडा बॉडीशी जुळवायचा, बोल्ट आवळायचा. मग झाकणाच्या भोकातून बॉडीवर खूण घ्यायची, बॉडीत ड्रिल मारायचं, आणि झाकणाच्या भोकातूनच रीमर खाली उतरवायचा. शेवटी पिन ठोकायची. याला आपल्याकडे मॅच ड्रिलिंग म्हणतात.

मॅच ड्रिलिंगमध्ये झाकणातलं भोक ०.१ इकडे असो की तिकडे, बॉडीतलं भोक त्याच्याच खाली तयार होतं. म्हणून जागेला महत्त्व नव्हतं. महत्त्व साइझला होतं, कारण त्या भोकातून रीमर सरळ उतरायचा होता. आणि शॉपला कडेवरून काम करणं सगळ्यात सोपं : व्हाइसमध्ये पकडा, एज फाइंडर लावा, शून्य घ्या. त्या कामाला ते ड्रॉइंग योग्यच होतं.

आता काय बदललं

मशीन उत्पादनात चाललं. बॉडी आता मशिनिंग सेंटरवर एकाच सेटिंगमध्ये होते, बोअर आणि पिनचं भोक दोन्ही. पिन आधीच बॉडीत दाबून बसवलेली येते. झाकण सुटं येतं, स्पेअर म्हणून ग्राहकाकडेही जाणार. तिथे कुणी रीमर मारणार नाही. कुठलंही झाकण कुठल्याही बॉडीवर हाताने बसलं पाहिजे.

म्हणजे भोकाचं काम बदललं. आधी ते रीमरचा मार्गदर्शक होतं. आता ते तयार पिनवर घसरत बसणारं भोक आहे. काम बदललं की टॉलरन्सही बदलतो आणि डेटमही. आता ईमेल वाचू.

ईमेल

विषय : गिअरबॉक्स झाकण, रिव्हिजन २. पिनचं भोक. काम सुरू करण्याआधी वाचावी

> नमस्कार,
>
> झाकणाच्या ड्रॉइंगची रिव्हिजन २ सोबत जोडली आहे. रिव्हिजन १ ची प्रिंट मशीनवरून आणि इन्स्पेक्शनच्या टेबलावरून काढून घ्यावी. बदल फक्त पिनच्या भोकाशी आणि त्याच्यामुळे आलेल्या मापांशी संबंधित आहेत. स्पिगॉटचा व्यास, जाडी, मटेरियल, बोल्टच्या भोकांचे व्यास तेच आहेत.
>
> कारण : यापुढे असेंब्लीत रीमर मारला जाणार नाही. पिन बॉडीत आधीच बसलेली असेल आणि झाकण तिच्यावर हाताने बसलं पाहिजे.
>
> बदल १, साइझ. आधी १० एच७ होतं. आता १०.१०, अधिक ०.०५, उणे ०. म्हणजे १०.१० ते १०.१५. साइझ सैल झाली आहे, १५ मायक्रॉनच्या ऐवजी ५० मायक्रॉन.
>
> बदल २, जागा. भोक आता कडेवरून नाही, स्पिगॉटच्या मध्यावरून ५२ वर आहे. पोझिशन टॉलरन्स व्यास ०.०५. स्पिगॉटच्या डेटमला डी हे नवं अक्षर दिलं आहे. जुनी बी आणि सी ही अक्षरं ड्रॉइंगवर आता कुठेच नाहीत. कडेपासूनची मापं अधिक-उणे ०.२ केली आहेत, ती फक्त दिसण्यापुरती.
>
> कृपया लक्षात घ्यावं : आधीचा ०.०५ आणि आताचा ०.०५ हे एकच नाहीत. आधी अधिक-उणे होता, आता व्यास आहे. स्पिगॉटच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर ५१.९७५ ते ५२.०२५ यात हवं. साइझ सोपी झाली आहे, जागा अवघड झाली आहे.
>
> सेन्सरचं भोक आणि बोल्टची भोकं आता स्पिगॉट आणि हे पिनचं भोक यांच्यावरून मोजायची आहेत.
>
> जुना १० एच७ चा प्लग गेज या भोकासाठी वापरू नये.
>
> तुमच्याकडे रिव्हिजन १ चे तयार नग असतील तर सरसकट भंगारात काढू नयेत आणि सरसकट रीमही करू नयेत. प्रत्येक नगाचं अंतर मोजून यादी पाठवावी, आपण नगानगाला निर्णय घेऊ.
>
> तीन गोष्टींचं उत्तर हवं : भोक कुठल्या सेटिंगमध्ये करणार, अंतर कशाने मोजणार, आणि रिव्हिजन १ चे किती नग कुठल्या स्थितीत आहेत. उत्तर आल्यावरच नवा लॉट सुरू करू.

ईमेल संपली. आता हिच्यातली एकेक ओळ का आहे ते पाहू.

साइझ का वाढली

गणित सोपं आहे. पिन एम६, म्हणजे १०.००६ ते १०.०१५. सगळ्यात जाड पिन १०.०१५, सगळ्यात लहान भोक १०.१०. मधली सैल ०.०८५. ही सैल कशासाठी खर्च करायची? दोन चुकांसाठी. बॉडीतली पिन तिच्या जागेपासून थोडी सरकलेली असू शकते, तिला व्यास ०.०३ चा टॉलरन्स आहे. झाकणातलं भोक सरकलेलं असू शकतं, त्याला व्यास ०.०५. बेरीज ०.०८. सैल ०.०८५. वाईटात वाईट बॉडी आणि वाईटात वाईट झाकण समोरासमोर आले तरी ५ मायक्रॉन उरतात आणि झाकण बसतं. स्पिगॉटची स्वतःची थोडी सैल आहे, ती आपण यात धरलेलीच नाही, तेवढं वरकड.

मग भोक आणखी मोठं का नको? कारण दुसऱ्या टोकाला सेन्सर उभा आहे. सगळ्यात मोठं भोक १०.१५, सगळ्यात बारीक पिन १०.००६, सैल ०.१४४. म्हणजे झाकण मध्यापासून दोन्ही बाजूंना ०.०७२ फिरू शकतं. ५२ च्या त्रिज्येवर हे साधारण ०.०८ अंश होतात. स्पिगॉटची सैल आणि बॉडीतल्या पिनची चूक मिळवली तर ०.१३ च्या आसपास. पाव अंशाच्या हद्दीत सेन्सरच्या भोकाच्या चुकीलाही जागा उरते. म्हणजे १०.१० हा आकडा झाकण बसावं म्हणून आला आणि १०.१५ हा आकडा झाकण फिरू नये म्हणून आला.

दोन ०.०५ मधला फरक

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून ईमेलमध्ये त्यावर वेगळा परिच्छेद आहे. जुन्या ड्रॉइंगवर ०.०५ लिहिलेलं होतं, नव्यावरही ०.०५ आहे. घाईत बघणारा म्हणतो, 'जागेत काही बदल नाही, फक्त भोक मोठं केलंय.' नव्या ड्रॉइंगवरची चौकट अशी दिसते :

```
⌖ | Ø0.05 | A | D
```

पहिल्या खणात पोझिशनची खूण. दुसऱ्यात टॉलरन्स, आणि त्याच्या आधी व्यासाचं चिन्ह. मग डेटम : ए म्हणजे बसण्याचं तोंड, डी म्हणजे स्पिगॉटचा अक्ष. ही लिहिण्याची रीत आयएसओ ११०१ ची. भोकाचा अक्ष ०.०५ व्यासाच्या एका काल्पनिक नळीत राहिला पाहिजे. नळीचा व्यास ०.०५, म्हणजे मध्यापासून कुठल्याही बाजूला फक्त ०.०२५. जुना 'अधिक-उणे ०.०५' म्हणजे या बाजूला ०.०५ आणि त्या बाजूलाही ०.०५, एकूण ०.१.

पण खरा फरक याहून मोठा आहे, आणि तो डेटममुळे आहे. जुन्या ड्रॉइंगमध्ये स्पिगॉट आणि भोक यांचं एकमेकांशी थेट नातंच नव्हतं. दोघांचं नातं कडेशी होतं. दोन भावांनी एकमेकांशी न बोलता तिसऱ्याकरवी निरोप पाठवावे तसं. स्पिगॉट कडेपासून ०.०५ चुकू शकतो, भोक ०.०५ चुकू शकतं, आणि दोघं उलट दिशेला चुकले तर त्यांच्यातलं अंतर ०.१० ने चुकतं.

दोन नग घेऊन बघू.

पहिला नग. स्पिगॉटचा मध्य कडेपासून ६०.०४. भोकाचा मध्य कडेपासून १११.९६. दोन्ही मापं जुन्या ड्रॉइंगप्रमाणे पास. दोघांतलं अंतर किती? १११.९६ उणे ६०.०४, म्हणजे ५१.९२. हवं होतं ५२. चूक ०.०८. हा नग नव्या बॉडीवर बसेल याची खात्री नाही. इन्स्पेक्शनचा शिक्का आहे, रिपोर्ट हिरवा आहे, आणि साइटवर माणूस लाकडी हातोडी शोधतोय.

दुसरा नग. स्पिगॉट ६०.०४, भोक ११२.०६. भोकाचं माप जुन्या ड्रॉइंगप्रमाणे १० मायक्रॉनने फेल. पण अंतर ५२.०२. चूक फक्त ०.०२, नव्या हद्दीत. जुन्या ड्रॉइंगने बाहेर काढलेला नग अलगद बसतो.

म्हणजे जुन्या डेटमवरून मोजलं तर चुकीचा नग पास होतो आणि चांगला नग फेल होतो. टॉलरन्स नुसता निम्मा केला असता, कड तशीच ठेवून, तर काय झालं असतं? दोन्ही मापं अधिक-उणे ०.०२५ केली तरी अंतर ०.०५ ने चुकू शकलं असतं, परवानगीच्या दुप्पट. आणि शॉपला विनाकारण कडा ताशीव करत बसावं लागलं असतं. डेटम बदलल्यामुळे कडा मोकळ्या झाल्या. ०.२ पर्यंत कशाही असोत.

कुणाच्या मनात येईल, आपण फक्त आडवी दिशा बघितली, उभ्या दिशेचं काय? उभ्या दिशेला भोक ०.१ सरकलं तरी ५२ च्या अंतरात मायक्रॉनभरही फरक पडत नाही, झाकण तेवढं किंचित फिरून बसतं. आणि ते फिरणं सेन्सरला बाधत नाही, कारण सेन्सरचं भोक आता याच पिनच्या भोकावरून मोजलेलं आहे. दोघं एकत्र फिरतात. ईमेलमधली सेन्सरच्या भोकाची ओळ म्हणूनच आहे. ती विसरली तर कोनाचं सगळं गणित वाया जातं.

डेटम म्हणजे सेटिंग

ड्रॉइंगवर डेटम हे एक अक्षर असतं. शॉपमध्ये डेटम म्हणजे जॉब कशावर टेकवला आणि शून्य कुठे घेतलं. हे बदललं नाही तर ड्रॉइंग बदलून काही उपयोग नाही.

आधीचं शून्य कडेवर होतं. आता शून्य स्पिगॉटच्या मध्यावर. करायचं कसं? स्पिगॉट वर ठेवून जॉब पकडा, स्पिंडलला पपी डायल लावा आणि स्पिगॉटभोवती फिरवा. काटा चारही बाजूंना सारखा आला की स्पिंडल मध्यावर आलं. तिथे शून्य, आणि तिथून ५२. मशीनवर प्रोब असेल तर हेच काम प्रोब करतो. दोन-तीनशे नग असतील तर प्रत्येकाला डायल लावत बसणं परवडत नाही, मग फिक्स्चर येतं : ८० च्या बोअरची प्लेट, तिच्यात स्पिगॉट खाली बसवायचा.

फिक्स्चरमध्ये एक खाच आहे. समजा फिक्स्चरचं बोअर ८०.०० आहे आणि स्पिगॉट ७९.९७५. सैल २५ मायक्रॉन. जॉब कुठल्याही बाजूला १२ मायक्रॉन सरकून बसू शकतो. आपल्याकडे एकूण होते २५. निम्मे फिक्स्चरनेच खाल्ले, ड्रिल अजून लागलंही नाही. म्हणून फिक्स्चर वापरणार असाल तर जॉब दर वेळी एकाच बाजूला रेटून पकडणारं करा, किंवा स्पिगॉटला बाहेरून आवळणारं करा.

क्रमही बदलतो. आधी भोक कधीही मारलं तरी चालायचं. आता स्पिगॉट आणि तोंड एकाच चकिंगमध्ये लेथवर फायनल झालं पाहिजे, भोक त्यानंतर, आणि भोक झाल्यावर स्पिगॉटला पुन्हा हात नाही. भोकानंतर कुणी 'स्पिगॉट थोडा मोठा आलाय, एक कट घेतो' म्हणून जॉब परत चकमध्ये धरला, की स्पिगॉटचा मध्य हलला आणि भोक जिथल्या तिथे राहिलं. मोजलं तर दोष भोकाचा दिसतो, चूक लेथवर झालेली असते.

टूल का बदलतं

आता साइझच्या सैल होण्याचा दुसरा फायदा. रीमरचा स्वभाव आपल्याला माहीत आहे : तो ड्रिलच्या भोकामागे जातो. ड्रिल भरकटलं तर रीमरही भरकटतो. साइझ सुंदर देतो, जागा सुधारत नाही. १५ मायक्रॉनची साइझ हवी होती तोवर रीमर सोडता येत नव्हता. आता ५० मायक्रॉन आहेत. तेवढ्यात बोअरिंग बार किंवा लहान एंड मिल गोल फिरवून भोक फायनल करता येतं, आणि ही टूल्स भोकामागे जात नाहीत, मशीनच्या शून्यामागे जातात. सेंटर ड्रिल, मग ९.७ चं ड्रिल, मग ८ च्या एंड मिलने १०.१२ पर्यंत. ड्रिल जरा भरकटलेलं असलं तरी शेवटचा कट भोकाला जागेवर आणतो.

साइझ आणि जागा हे दोन वेगळे बदल वाटले, पण एकाने दुसऱ्याला वाट करून दिली आहे.

गेज आणि मोजणी

जुना प्लग गेज बाजूला का ठेवायचा? त्याचं नो-गो टोक १०.०१५ च्या आसपास. नव्या चांगल्या भोकात ते सहज आत जाईल, आणि इन्स्पेक्टर प्रत्येक चांगला नग रिजेक्ट करेल. हे निदान लगेच कळतं. वाईट ते उलटं : कुणी सवयीने जुना १० चा रीमर मारला, तर भोक जुन्या गेजने पास होतं आणि साइटवर जाड पिनवर चढतच नाही. म्हणून नवा गेज, गो १०.१०, नो-गो १०.१५.

अंतर मोजायला सीएमएम असेल तर उत्तम. पण तिथेही एक बघा : जुना प्रोग्रॅम कडेवरून शून्य घेत असेल तर रिपोर्ट नीटनेटका येईल आणि उत्तर चुकीचं येईल. सीएमएम नसेल तर ७५-१०० चा मायक्रोमीटर पुरतो. भोकात घट्ट बसणारी, मोजलेली पिन घाला, ती स्पिगॉटच्या बाजूला थोडी वर राहू द्या. स्पिगॉटच्या लांबच्या बाजूपासून पिनच्या बाहेरच्या बाजूपर्यंत माप घ्या. समजा आलं ९७.०७. स्पिगॉट मोजला ७९.९८, निम्मा ३९.९९. पिन १०.१२, निम्मी ५.०६.

```
97.07 − 39.99 − 5.06 = 52.02
```

पास. फक्त पिन भोकात डुगडुगता कामा नये, नाहीतर तिची सैल थेट उत्तरात येते. म्हणून १०.१० पासून १०.१५ पर्यंत एकेक शतांशाच्या वाढत्या पिना जवळ ठेवाव्यात.

रॅकवरचे जुने नग

ईमेल म्हणते, सरसकट भंगार नको, सरसकट रीम नको. भंगार का नको ते उघड आहे : बीड, लेथकाम, सगळं झालेलं आहे आणि भोक लहानाचं मोठं करायचं आहे. मटेरियल शिल्लक आहे.

रीम का नको? आपला पहिला नग आठवा, अंतर ५१.९२. त्यात १०.१२ चा रीमर उतरवला तर भोक गोल, गुळगुळीत, गेजला पास होईल, आणि अंतर ५१.९२ च राहील. शिवाय आता मटेरियल संपलं, दुरुस्तीही गेली. तोच नग स्पिगॉटवर शून्य घेऊन बोअर केला तर? जुनं भोक १०.०१, नवं १०.१३ करू. त्रिज्येत ०.०६ चा फरक. म्हणजे भोकाचा मध्य ०.०६ ने सरकवून जुनी भिंत पूर्ण साफ करता येते. चूक ०.०८ होती, उरली ०.०२. नग वाचला. चूक ०.०९ च्या पुढे गेली की जुन्या भिंतीचा एखादा चट्टा उरतो, तिथे नगानगाचा निर्णय. म्हणून आधी मोजणी आणि यादी.

श्रोत्यांचे प्रश्न

*एका श्रोत्यांनी विचारलं : झाकण जुन्या बॉडीवर बसत नसेल तर रिव्हिजन पुरते का? पार्ट नंबरच बदलायला नको का?*

अगदी बरोबर प्रश्न. नियम असा की नवा नग जुन्याच्या जागी बसत नसेल तर रिव्हिजन नाही, नवा नंबर. नाहीतर स्टोअरमध्ये एकाच नंबरखाली दोन वेगळे नग पडतात. आपल्या उदाहरणात रिव्हिजन १ चे नग फक्त चाचणीच्या मशीनवर आहेत, ती मशीन कारखान्याबाहेर गेलेली नाहीत आणि त्यांना स्पेअर पुरवायचे नाहीत. म्हणून रिव्हिजन चालली. एक जरी मशीन ग्राहकाकडे गेलं असतं, तर त्याच्यासाठी बिनभोकाचं झाकण जुन्या नंबरखाली ठेवून या झाकणाला नवा नंबर द्यावा लागला असता.

*दुसरा प्रश्न : गोल भोकाऐवजी स्लॉट का नाही?*

स्लॉट दिला, स्पिगॉटच्या दिशेने लांब, तर ५२ च्या अंतराची चिंता जवळजवळ संपते आणि कोनही घट्ट मिळतो. कोन पाव अंशाऐवजी त्याच्या चौथ्या हिश्शात हवा असता तर तोच मार्ग घ्यावा लागला असता. पण स्लॉटची रुंदी घट्ट ठेवणं आणि ती मोजणं हे गोल भोकापेक्षा महाग काम आहे, दोनशे नगांत ते जाणवतं. पाव अंशाला गोल भोक पुरतं, म्हणून गोल.

*तिसरा प्रश्न : ईमेलमध्ये शेवटी तीन प्रश्न विचारलेत. शॉपने 'ओके, नोटेड' एवढंच उत्तर दिलं तर?*

तर लॉट सुरू करायचा नाही, फोन उचलायचा. 'ओके' या उत्तरातून सेटिंग कळत नाही. हवं असलेलं उत्तर असं असतं : 'भोक व्हीएमसीवर करणार, स्पिगॉटवर डायल लावून. अंतर पिन आणि मायक्रोमीटरने. जुने नग अमुक, त्यातले अमुक फक्त लेथकाम झालेले, भोक बाकी.' आणि त्यात कुठे 'एज फाइंडर' हा शब्द आला, तर समजायचं की भोक मोठं झाल्याचं पोचलं, पण डेटम अजून कडेवरच आहे.